आधी ‘नको’, मग पाणी

प्रश्न: आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो. दर आठवड्याला कुणीतरी वॉटर प्युरिफायर नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात येतं. ‘घ्या म्हणत नाही, फक्त डेमो बघा’, ‘चार दिवस फुकट लावून बघा’. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. वीस मिनिटं जातात आणि शेवटी काहीतरी खोटं सांगून सुटका करून घेते. दुपारी सासूबाई एकट्या असतात, त्या तर लोकांना आत बसवतात. उद्धट न वाटता, दोन वाक्यांत कसं परतवायचं?

उत्तर:

मी नऊ वर्षं हेच काम केलं. पाठीला बॅग, हातात डेमोचं मशिन, आधी सिंहगड रोड आणि कोथरूड, नंतर नाशिक. शेवटची काही वर्षं नव्या मुलांना दारावर काय बोलायचं ते शिकवत होतो. त्यामुळे तुमच्या दाराच्या बाहेरून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे आतून काय बोलायचं ते आपोआप कळेल.

बेल वाजवणारा मुलगा तुमचं ‘नाही’ ऐकायला तयार होऊनच आलेला असतो. दिवसभरात बहुतेक दारं नाहीच म्हणतात, त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याला शिकवलेलं असतं ते नाही म्हणण्याच्या कारणाला उत्तर द्यायला. आमच्याकडे त्याची वहीच होती. ‘आमच्याकडे आहे’ असं म्हटलं की ‘कुठल्या कंपनीचं ताई? फिल्टर कधी बदलला?’ ‘पैसे नाहीत’ म्हटलं की हप्त्यांचा कागद बाहेर. ‘विचार करून सांगते’ म्हटलं की ‘नंबर द्या, मी आठवण करतो’. ‘मिस्टर घरी नाहीत’ याचं उत्तर तर सगळ्यांत सोपं होतं: ‘किती वाजता येतात?’ आणि बरोबर त्या वेळी आम्ही परत हजर. शिवाय घरात एकटीच बाई आहे हे तुम्ही अनोळखी माणसाला स्वतःहून सांगितलेलं असतं, ते वेगळंच.

म्हणजे तुम्ही सभ्यपणा म्हणून जे कारण देता, तीच त्याच्या हातात दिलेली दोरी. कारण खोटं असलं तर आणखी पंचाईत, कारण पुढच्या प्रश्नाला दुसरं खोटं जुळवावं लागतं. तुमची वीस मिनिटं त्यातच जातात.

दुसरी गंमत आपल्या भाषेतली आहे. आपण नकार मऊ करायला काही शब्द घालतो: सध्या, आत्ता, जरा, बघू, तसं, शक्यतो. ‘सध्या नको’ याचा अर्थ विक्रेत्याच्या कानाला ‘दिवाळीनंतर ये’ असा लागतो. ‘बघू’ म्हटलं की त्याच्या वहीत तुमच्या फ्लॅटसमोर ‘वॉर्म’ असं लिहिलं जातं आणि पंधरा दिवसांनी दुसराच मुलगा ‘ताई, तुम्ही आमच्या सरांना बोलावलं होतं’ म्हणत येतो. तुम्ही कधी बोलावलं होतं हे आठवत बसता, तेवढ्यात त्याची बॅग उंबऱ्याच्या आत आलेली असते.

तर नकारातून हे शब्द काढा आणि सभ्यपणा दुसरीकडे ठेवा: संबोधनात, आवाजात आणि निरोपात. माझ्या मते पूर्ण वाक्य एवढंच आहे:

‘नको दादा, आम्हाला घ्यायचं नाही. या तुम्ही.’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘नको’ आधी येतं, त्याचं प्रास्ताविक संपायच्या आत. ‘दादा’मुळे ते तोडून टाकल्यासारखं होत नाही; मुलगी असेल तर ‘ताई’. ‘घेणार नाही’पेक्षा ‘घ्यायचं नाही’ बरं, कारण पहिल्यात तुम्ही आत्ता, त्याच्यासमोर, ठरवताय असं वाटतं आणि जे आत्ता ठरतंय ते आत्ता बदलताही येतं. ‘घ्यायचं नाही’ म्हणजे ठरून गेलेलं आहे. ‘मला’ऐवजी ‘आम्हाला’ म्हटलं की ‘घरात दुसऱ्या कुणाला विचारा ना’ ही वाट बंद होते. आणि ‘या’. आपल्याकडे पाहुण्याला जा म्हणत नाहीत, या म्हणतात. तोच शब्द इथे वापरला की माणूस अपमान न होता दारातून निघतो. मी नऊ वर्षांत असंख्य वेळा हा ‘या’ ऐकला आणि त्यावर कधी थांबून राहिलो नाही. ‘जा हो, काही नको’ असं म्हणणाऱ्यांच्या दारात मात्र हटकून दोन मिनिटं जास्त उभा राहायचो. अहंकार, दुसरं काय.

‘सॉरी’ टाळा. दहापैकी नऊ जण ‘सॉरी, पण’ असं सुरू करतात आणि त्या ‘पण’नंतर कारण येतंच.

आता तो काय करेल? चांगला शिकवलेला मुलगा पहिल्या नकारावर हलत नाही. हसून म्हणेल, ‘ताई, मी घ्या म्हणतच नाही. फक्त बघा, दोन मिनिटं.’ हे वाक्य फार हुशारीने बनवलेलं आहे, कारण तुम्ही ‘घ्यायचं नाही’ म्हणालात आणि तो म्हणतो मीही तेच म्हणतोय. इथे बहुतेक लोक घसरतात. याचं उत्तर त्याच्याच क्रियापदाने द्यायचं: ‘बघायचंही नाही. या.’ ‘फुकट लावून बघा’ म्हणाला तर ‘फुकटही नको. या.’ ‘फक्त पाणी तपासतो’ म्हणाला तर ‘तपासायचंही नाही. या.’ त्याने शब्द बदलला की तुम्ही तेवढा शब्द बदलायचा, बाकी वाक्य तेच. तिसऱ्या वेळी काहीच बोलायचं नाही, मान हलवायची आणि दार सावकाश लावायचं. दोनदा सांगून झाल्यावर दार लावणं यात काही उद्धटपणा नाही. तो पायऱ्या उतरायच्या आधी शेजारची बेल वाजवतो, तुमच्या घराबद्दल मनात काही ठेवत नाही.

हे सगळं दार अर्धवट उघडं असताना किंवा जाळीच्या दारामागून व्हायला हवं आणि त्याने बॅग खाली ठेवायच्या आत. बॅग खाली ठेवली की तो पाच मिनिटं घेतोच. आम्हाला तर शिकवायचे की दार उघडल्याबरोबर एक पाऊल मागे जा. समोरचा माणूस मागे सरकला की आपण नकळत दार जास्त उघडतो. करून बघा कधी.

पाणी तपासण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्युरिफायरची सगळी विक्री त्या एका पेल्यावर उभी असते आणि तो पेला एकदा समोर आला की कोणतंही सभ्य वाक्य तुमच्या तोंडून निघत नाही. विक्रेता दोन पेले मागतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. मग चार कांड्यांचं एक यंत्र दोन्हींत बुडवून बटण दाबतो. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग हिरवट-तपकिरी होतं, वर गाळ तरंगतो. बाटलीतलं तसंच स्वच्छ राहतं. ‘बघा काकू, हे तुम्ही रोज पिता.’

तो गाळ पाण्यातला नसतो, कांड्यांचा असतो. त्यातल्या काही कांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि रंग येत नाही. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबलं तर तोही तसाच घाण होतो. माझ्यासमोर नाशिकमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी हे केलं होतं. शांतपणे स्वयंपाकघरात गेले, मिठाची बरणी आणली, चिमूट टाकली आणि म्हणाले, ‘दाबा आता.’ मी दाबलं. ते हसले, मीही हसलो, आणि सामान आवरलं.

टीडीएसच्या पेनसारख्या मीटरचंही तसंच. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू आहेत की नाहीत हे तो सांगूच शकत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. धरणाचं पाणी येणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या घरांत हा आकडा बऱ्याचदा शंभर-दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तिथे ‘दीडशे आलं बघा’ असं डोळे मोठे करून सांगितलं की घाबरायचं कारण नसतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही तपासणी आपण प्रयोगशाळेत करून घ्यावी, विकणाऱ्याकडून नव्हे.

हे त्याला सांगायला जाऊ नका मात्र. लोखंडाच्या कांड्या, मीठ, मानक, यातलं काहीही दारात बोललात की चर्चा सुरू झाली आणि चर्चा त्याच्या फायद्याची. हे फक्त एवढ्यासाठी माहीत असावं की ‘तपासायचंही नाही’ म्हणताना तुमचा आवाज डळमळू नये. ‘महापालिकेकडून पाणी तपासायला आलोय’ असं कुणी म्हणाला तर वाक्य वेगळं: ‘ओळखपत्र दाखवा, मी सोसायटीच्या ऑफिसात विचारून घेते.’ खरा माणूस थांबतो.

आता ‘चार दिवस फुकट’. यात फुकट काय असतं ते नीट ऐका. मी जिथे होतो तिथे ट्रायल म्हणजे तंत्रज्ञ येऊन ओट्याच्या वरच्या टाइल्सला चार भोकं पाडणार, नळाला जोड देणार, तुमचा जुना फिल्टर काढून माळ्यावर ठेवणार. पूर्ण रकमेचा चेक ‘फक्त ठेवायला’ किंवा थोडी रक्कम ‘परत मिळणारी’ म्हणून घ्यायची. चौथ्या दिवशी फोन गेला की ‘सर सुट्टीवर आहेत’. सातव्या दिवशी ‘वापरलंय ना, मग परत कसं घेणार?’ सिंहगड रोडच्या एका काकूंनी अशी ट्रायल घेतली होती, माझ्याच हातून. त्यांना मशिन नको होतं, हे त्यांनी पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, फक्त ‘सध्या’ आणि ‘बघू’ लावून. मशिन परत न्यायला मला स्वतःला तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण ऑफिसला ते परत यायला नकोच होतं. टाइल्सची भोकं तशीच राहिली. जुना फिल्टर जोडायला त्यांनी प्लंबरला पैसे दिले ते वेगळेच. त्यानंतर मी ट्रायल देणं शक्यतो टाळायचो, आणि त्यामुळे माझं टार्गेटही बरेच महिने पूर्ण होत नव्हतं.

म्हणून ट्रायलला नकार देताना ‘चार दिवसांनी नाही म्हणू’ हा हिशेब करू नका. दारात नाही म्हणायला दोन वाक्यं लागतात. भोकं पाडून झाल्यावर दहा फोन लागतात.

तुमच्या तोंडून ‘बरं, पाठवा उद्या’ निघून गेलंच असेल तर त्याच दिवशी फोन करा आणि असं बोला: ‘मघाशी मी हो म्हटलं होतं, ते रद्द करते. मशिन लावायचं नाही. माणूस पाठवू नका. धन्यवाद.’ एवढं बोलून ठेवून द्या. लगेच हीच चार वाक्यं त्याच नंबरवर मेसेज करा, म्हणजे तारीख-वेळेसह नोंद राहते. तरीही तंत्रज्ञ आला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नसतं. ‘दादा, हे कालच रद्द झालंय. तुम्हाला हेलपाटा पडला. या.’ मशिन घरात बसलेलंच असेल तर ते वापरायचं बंद करा आणि नेण्याची वेळ तुम्ही सांगा: ‘शनिवारी ११ ते १ घरी आहे, घेऊन जा.’ ‘कधी नेताय?’ असं विचारलं तर ते कधीच नेत नाहीत. पैसे अडकवून ठेवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रार क्रमांक मिळाला आणि तो मेसेजमध्ये त्यांना पाठवला की सुट्टीवरचे सर बहुधा परत येतात.

कायद्याचं एक वाक्यही जवळ ठेवण्यासारखं आहे. वितरकांच्या साखळीतून थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ पासून नियम आहेत. त्यांच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. पगारी सेल्समनला हाच नियम जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. पण ‘वेळ घेतली होती का? नाही ना. मग या,’ हे कुणालाही म्हणता येतं आणि त्यात उद्धट काही नाही.

नंबर आणि सही. जाता जाता मुलगा म्हणतो, ‘ताई, मी आलो होतो एवढी तरी सही करा, नाहीतर सर ओरडतात.’ हे खरं असतं, ओरडतात. पण त्या कागदावर नाव, मोबाईल आणि ‘पुन्हा भेट’ असे रकाने असतात. काही ठिकाणी मोबाईलवर आलेला ओटीपीही विचारतात. तो तर कशासाठीही देऊ नका. ‘सही करत नाही, नंबरही देत नाही. फ्लॅट नंबर दारावर आहे, तो लिहून घ्या.’ तेवढ्यावर त्याचं काम भागतं. कधी तो फोन लावून तुमच्यापुढे धरतो, ‘फक्त सरांशी एक मिनिट बोला.’ हात पुढे करू नका. ‘सरांनाही हेच सांगा, नको म्हणून.’

आता सासूबाई. त्या लोकांना आत का बसवतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण आम्ही ते मागायचो. उन्हातून आलोय, घोटभर पाणी द्याल का काकू? मराठी घरात पाण्याला नाही म्हणत नाहीत. पाणी आणायला त्या वळल्या की दार उघडं, पेला परत द्यायला आपण आत, आणि मग ‘हे पाणी कुठल्या फिल्टरचं?’ मला आज याची लाज वाटते, पण तेव्हा मी हे शिकवलंय.

त्यांना पाणी देऊ नका असं सांगू नका, त्या ऐकणार नाहीत आणि का ऐकावं? फक्त क्रम सांगा: आधी ‘नको’, मग पाणी. जाळीचं दार बंद ठेवून आधी नकार द्यायचा, त्याने तो ऐकला की मग पाणी. साखळी असेल तर तिच्या फटीतून बाटली किंवा पेला द्यावा. पेला परत नाही आला तरी चालेल. त्यांचं वाक्य तुमच्यासारखं असायची गरज नाही. पंचविशीच्या मुलाला त्या ‘दादा, या तुम्ही’ म्हणतील तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. त्यांच्या वयाला आणि जिभेला शोभेल असं: ‘नको रे बाळा, आम्हाला काही घ्यायचं नाही. ये हं.’ यातला ‘हं’ फार गोड असतो आणि त्याच्यापुढे काही बोलता येत नाही. हिंदी बोलणारा असेल तर ‘नहीं चाहिए बेटा, लेना नहीं है’ पुरेसं आहे.

त्यांनी म्हणू नये अशी दोन वाक्यं मात्र आवर्जून सांगा. एक, ‘घरात कुणी नाही’. दुसरं, ‘सून संध्याकाळी येईल, तिला विचार’. दुसऱ्याने तर त्या तुम्हालाच गिऱ्हाईक करून ठेवतात.

आणि तो आधीच आत येऊन सोफ्यावर बसला असेल तर? बसून नाही म्हणायचं नाही. आधी उठून उभं राहायचं. आपल्या घरी यजमान उठला की बैठक संपते, हे सगळ्यांना न सांगता कळतं. उभं राहून: ‘दादा, थांबा. आम्हाला घ्यायचं नाही. सामान आवरा, मी दार उघडते.’ आणि खरंच दाराकडे चालायला लागायचं. अर्धवट डेमो थांबवताना वाईट वाटतं. पण डेमो पुरा झाल्यावर नाही ऐकणं त्या मुलाला जास्त जड जातं, तेवढ्या वेळात त्याची चार दारं झाली असती.

एखाद्या रविवारी घरातच सराव करा. तुम्ही बॅग घेऊन बाहेर उभ्या राहा, बेल वाजवा आणि सासूबाईंना दार उघडायला सांगा. ‘घ्या म्हणत नाही, फक्त बघा’ हे अगदी गयावया करून म्हणा. पहिल्या वेळी त्या ‘बघू’ म्हणतील. दुसऱ्या वेळी हसतील. तिसऱ्यांदा ‘बघायचंही नाही, ये हं’ बाहेर पडलं की मग तुम्ही दाराच्या आत जा आणि त्यांना बाहेर उभं करा, कारण तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं, जास्त सराव तुम्हालाच लागणार आहे.